‘हिशोब कोणी तपासला?’

शनिवारी रात्री आठ वाजता घराण्याच्या ग्रुपवर एका कागदाचा फोटो येतो. रेघी वहीचं पान, त्यावर निळ्या शाईत मांडलेला हिशोब. गावच्या घराची कौलं परतली, खराब झालेले वासे आणि रिपा बदलल्या, वायरिंग नवं केलं, माजघराला रंग काढला. शेवटच्या ओळीत ‘इतर – ६,४००’. एकूण ४८,६०० रुपये. बिऱ्हाडं चार, म्हणजे प्रत्येकी १२,१५०. खाली गावच्या दादाने लिहिलंय, "गणपतीच्या आधी पाठवावेत." दहा मिनिटांनी डोंबिवलीच्या भावाचा मेसेज येतो: "हिशोब कोणी तपासला?"

इथून पुढे काय होतं ते बहुतेक वाचकांना सांगायची गरज नाही. गावची वहिनी लिहिते, "तपासायला इथे येऊन राहावं लागतं." डोंबिवलीची जाऊ लिहिते, "आम्ही पैसे पाठवतो म्हणूनच कौलं बसतात." पुण्याचा एक पुतण्या हसण्याचं चिन्ह टाकतो, ते नेमकं कोणत्या मेसेजला, हे कोणालाच कळत नाही. एक आत्या हात जोडते. कोणीतरी ‘नाती जपा’ असा सुविचार पुढे ढकलतं. पावणेबाराला गावचा दादा ग्रुप सोडतो. आणि रविवारी सकाळी साडेसातला, सगळे चहा घेत असताना, न्यू जर्सीच्या भाच्याचा लांबलचक मेसेज येऊन पडतो. त्याच्याकडे तेव्हा शनिवारची रात्र आहे, त्याने दिवसभराचं आत्ता वाचलं आहे आणि तो काल रात्री साडेआठच्या वाक्याला उत्तर देतो आहे. रात्रीत निवत आलेलं भांडण पुन्हा पेटतं.

हे कुटुंब मी लेखासाठी बेतलं आहे. रत्नागिरी जिल्ह्यातलं घर, चौतीस जणांचा ग्रुप आणि गणपतीला उरलेले अठरा दिवस, असं समजू. पण यातला प्रत्येक मेसेज कोणत्या ना कोणत्या घरात कोणी ना कोणी खरोखर लिहिलेला असतो. अशा वेळी मध्ये पडू शकेल असं एखादं माणूस घरात असतंच. इथे ती नाशिकची चुलत बहीण आहे. दादा तिच्याशी मोकळेपणाने बोलतो, डोंबिवलीचा भाऊ तिला ताई म्हणतो. तिने काय करावं, कोणत्या क्रमाने करावं आणि काय करू नये, एवढंच मला सांगायचं आहे.

आधी त्या तीन शब्दांकडे पाहू, कारण ताईला पुढे जे करायचं आहे त्याचं कारण तिथेच आहे. डोंबिवलीचा भाऊ आपल्या सोसायटीच्या कमिटीवर आहे. तिथे दर महिन्याला खर्चाचा कागद येतो, कोणीतरी विचारतं, "तपासला का?", कोणीतरी "हो" म्हणतं आणि सही होते. त्याच्या लेखी हा रोजचा प्रश्न. गावच्या घरात तो प्रश्न पोचला तेव्हा दादा दिवसभर गवंड्यासोबत उन्हात उभा राहून नुकताच आंघोळीला गेला होता आणि फोन वहिनीच्या हातात होता. तिने वाचलं ते असं: तुम्ही पैसे खाल्ले का? दोघांनीही तेच तीन शब्द वाचले. आवाज मात्र ज्याने त्याने आपापला घातला.

जस्टिन क्रुगर आणि निकोलस एप्ली या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसोबत केलेला एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांना काही वाक्यं ईमेलने पाठवायला सांगितली, काही खरीखुरी आणि काही उपरोधाची. पाठवणाऱ्यांना वाटत होतं की समोरच्याला आपला सूर सुमारे ७८ टक्के वेळा बरोबर कळेल. प्रत्यक्षात तो ५६ टक्के वेळाच कळला. नाणं उडवून सांगितलं असतं तरी पन्नास टक्के बरोबर आलं असतं, हे लक्षात घेतलं तर लिहिलेल्या वाक्यात सूर जवळजवळ पोचतच नाही. तीच वाक्यं आवाजातून ऐकवली तेव्हा अंदाज पुष्कळ जास्त वेळा बरोबर आले. म्हणून ताईचा पहिला निर्णय ठरून जातो. हे भांडण लिहून मिटणार नाही. ते बोलूनच मिटवायचं आहे, आणि तेही ग्रुपच्या बाहेर.

ग्रुपच्या बाहेर का, याला आणखी एक कारण आहे. ओसरीवर दोन भाऊ भांडले तर एकजण आवाज खाली आणतो आणि गोष्ट तिथे संपते. ग्रुपवर बत्तीस माणसं बघत असतात. कोणी वाचलं ते मेसेजच्या माहितीत नावासकट दिसतं. अशा वेळी माघार घेणं म्हणजे बत्तीस जणांसमोर हरणं. ‘चुकलं’ हे एका कानात सांगायला जो माणूस तयार असतो, तोच माणूस सासरच्या-माहेरच्या सगळ्यांसमोर ते लिहायला तयार नसतो. त्याला हट्टी म्हणून काही उपयोग नाही. प्रेक्षक हटले की त्याचा अर्धा हट्ट आपोआप सुटतो.

आता त्या रात्री साडेनऊला ताईने फोन उघडला आहे. तिची पहिली ऊर्मी असते ग्रुपवर "शांत व्हा रे सगळे" असं लिहायची. ती तिने आवरावी. हे वाक्य कोणाच्या मेसेजखाली जाऊन पडेल ते तिच्या हातात नसतं. डोंबिवलीच्या जावेच्या मेसेजखाली पडलं, तर जाऊ समजते की मलाच गप्प केलं. वहिनी समजते की ताई आपल्या बाजूची आहे. आत्याच्या जोडलेल्या हातांचं आणि त्या सुविचाराचंही तेच झालं. ‘नाती जपा’ हे दोघींनाही आपल्यालाच टोमणा वाटलं. मेसेजवर ठेवलेला अंगठा किंवा बदामही असाच. ठेवणाऱ्याला ती सहज केलेली गोष्ट वाटते, पण त्याखाली नाव दिसतं आणि भांडण चालू असताना ते मत म्हणून मोजलं जातं. पहिल्या तासात ग्रुपवर काहीही न उमटवणं ही ताईची सगळ्यात महत्त्वाची कामगिरी असते.

फारच पेटलं असेल आणि काहीतरी लिहावंच लागणार असेल, तर ते कोणाचंही नाव न घेता, कोणत्याही मेसेजला उत्तर म्हणून न जोडता आणि निव्वळ कामाचं असावं: "हिशोबाबद्दल मी उद्या सकाळी दोन्ही घरांशी फोनवर बोलते. तोवर यावर इथे कोणी काही लिहू नये, ही विनंती." यात कोण बरोबर ते नाही, कोणाला उपदेश नाही. मात्र कधी आणि कोण बोलणार हे आहे. ‘आता पुढे काय’ याचं उत्तर मिळालं की निम्मे लोक फोन खाली ठेवतात. न्यू जर्सीच्या भाच्याला मात्र हा मेसेज वेगळा पाठवावा लागेल. तो साडेनऊ तास मागे आहे, आणि परदेशातली माणसं जुन्या वाक्यांना नवी उत्तरं देतात हे ताईने आधीच धरून चालावं.

या ग्रुपचे अॅडमिन आहेत थोरले काका. त्यांच्या हातात तीन बटणं आहेत, आणि ती तिन्ही वापरावीशी वाटण्याची हीच वेळ असते.

पहिलं बटण म्हणजे फक्त अॅडमिननेच मेसेज पाठवावेत, ही सोय. ती कामाची आहे, पण एक खोच आहे. ग्रुप बंद होतो तेव्हा ज्याचा मेसेज शेवटचा असतो, त्याचा शब्द रात्रभर सगळ्यांसमोर शेवटचा म्हणून राहतो. दुसऱ्या बाजूला वाटतं, त्यांचं बोलून झालं आणि मग दार लावलं. म्हणून बंद करायचा तर दोन्ही घरांना आधी एकेक फोन करून सांगावं आणि किती वेळ ते ग्रुपवर लिहावं: "उद्या सकाळी दहापर्यंत ग्रुप बंद ठेवतोय." दहा वाजता तो खरोखर उघडावा. मुदत न सांगता लावलेलं कुलूप लोक शिक्षा म्हणून घेतात आणि मग चार जणांचे उपग्रुप निघतात. तिथलं बोलणं याहून कडू असतं.

दुसरं बटण म्हणजे मेसेज काढून टाकणं. अॅडमिनला कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी काढता येतो, पण त्या जागी अॅडमिनने काढला अशी नोंद राहते. बत्तीस जणांनी वाचलेलं वाक्य काढून काही मिटत नाही. उलट ज्यांनी वाचलं नव्हतं ते विचारतात, काय होतं ते? आणि त्यांना कोणीतरी स्क्रीनशॉट पाठवतं. शिवीगाळ असेल तर काढावंच, बाकी राहू द्यावं. ज्याचं त्याला आपलं वाक्य मागे घ्यावंसं वाटलं तर गोष्ट वेगळी. पाठवल्यापासून पंधरा मिनिटांत ते बदलता येतं आणि साधारण अडीच दिवसांपर्यंत सगळ्यांसाठी काढता येतं. ताईने फोनवर हवं तर एवढं सांगावं, पण काढायचा आग्रह धरू नये.

तिसरं बटण म्हणजे माणसाला काढणं किंवा निघून गेलेल्याला लगेच परत घालणं. दादा पावणेबाराला बाहेर पडला तेव्हा खरं तर फारसं काही झालं नव्हतं. २०२२ पासून व्हॉट्सअॅपवर कोणी ग्रुप सोडला तर ती सूचना फक्त अॅडमिनला जाते. सभासदांच्या यादीत शोधलं तरच इतरांना कळतं. दादा शांतपणे उठून गेला होता. काकांनी कळवळून लिहिलं, "दादा ग्रुप सोडून गेला, बघा काय केलंत ते!" या वाक्याने दादाची मूक नाराजी जाहीर बहिष्कार झाली आणि दोष डोंबिवलीच्या पदरात पडला. अॅडमिनला अशी सूचना आली तर ती आपल्यापाशीच ठेवावी. आणि दादाला न विचारता परत घालू नये. माणूस रागाने उठून गेला असेल तर त्याचं जाणं हेच त्याचं बोलणं असतं. ते खोडून टाकलं तर तो पुन्हा जाईल, आणि या वेळी जास्त लांब.

रविवारी सकाळी फोन. रात्री नको, थकलेलं माणूस रात्री ऐकत नाही, नुसतं बोलतं. व्हॉइस मेसेजही नको, तो पुढे ढकलता येतो आणि मग ताईचा आवाजच पुरावा म्हणून फिरतो. फोनच, आणि शक्यतो समोरचं माणूस एकटं असताना, स्पीकर बंद करून.

आधी कोणाला? ज्याने ग्रुप सोडला त्याला, म्हणजे दादाला. पण दादाला सुरुवातीलाच सांगून टाकायचं की यानंतर मी डोंबिवलीला फोन करणार आहे, आणि डोंबिवलीला सांगायचं की मी दादाशी बोलून झाले. लपवलेला फोन नंतर कळतो आणि सगळं केलेलं पाण्यात जातं. दुसरी गोष्टही सुरुवातीलाच सांगावी. ताईच्या वडिलांचं बिऱ्हाड या चारांपैकीच एक आहे, १२,१५० तिलाही द्यायचे आहेत. ती या भांडणाबाहेरची नाही. बाजू न घेणं म्हणजे आपला काही संबंध नाही असं भासवणं नव्हे. "माझेही पैसे यात आहेत, ते मी देणार आहे, पण हिशोब बरोबर की चूक यावर मी कोणाच्या वतीने बोलणार नाही," असं तिने दोघांनाही सारख्याच शब्दांत सांगितलं की तिचा कोपरा दोघांनाही दिसतो.

दादाशी बोलणं साधारण असं चालावं.

"दादा, कोणाचं बरोबर ते ठरवायला मी फोन केलेला नाही. तुला काय लागलं ते सांग."

मग दहा-पंधरा मिनिटं ताईने गप्प बसावं. दादा कौलांपासून सुरू करेल आणि तीन वर्षांपूर्वीच्या बारशाला पोचेल. थांबवू नये. तो थांबला की तिने आपल्या शब्दांत त्याला परत सांगावं: "म्हणजे दोन महिने तू सुट्टीचे दिवस घालवलेस, आणि पहिला शब्द आला तो तपासण्याचा. केल्याबद्दल कोणी काही बोललंच नाही. असंच ना?" तो "तसंच" म्हणाला की निम्मं काम झालं. तो "नाही, तसं नाही" म्हणाला तरी झालं, कारण मग तो खरं काय ते सांगतो.

या फोनवर एक सापळा हमखास येतो. दादा म्हणेल, "तूच सांग, तो चुकला की नाही?" नुसतं "हो" म्हटलं की दादाचा राग लगेच उतरतो, म्हणून ते म्हणायचा मोह फार होतो. संध्याकाळपर्यंत ते "हो" डोंबिवलीला पोचलेलं असतं: ताईसुद्धा म्हणाली. ताईने म्हणावं, "तुला लागलं हे मला कळतंय, दादा. तो चुकला का हे मी ठरवलं, तर त्याच्याशी बोलायला तुझ्यासाठी कोणी उरणार नाही." त्याचं दुखणं मान्य करता येतं. त्याचा निवाडा मान्य करायची गरज नसते. ‘तुला वाईट वाटलं’ आणि ‘त्याने वाईट केलं’ या दोन वाक्यांमधल्या अंतरातच ताईला उभं राहायचं आहे, आणि तिथे उभं राहणं सोपं नाही. दादा तेवढ्यापुरता नाराज होईल. होऊ द्यावं.

अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी कुटुंबांचा अभ्यास करताना ही गोष्ट नेमकी मांडली. दोन माणसांतला ताण असह्य झाला की ती तिसऱ्याला आत ओढतात आणि त्रिकोण तयार होतो. ताण तिघांत वाटला जातो म्हणून दोघांना हलकं वाटतं, पण मूळचा प्रश्न तसाच राहतो, कारण दोघं एकमेकांशी बोलायचं सोडून तिसऱ्याशी बोलत बसतात. तिसऱ्याने पळून जाण्यात शहाणपण नाही आणि एकाला मिळण्यातही नाही. दोघांशी संबंध ठेवून दोघांना पुन्हा एकमेकांकडे वळवायचं, हे त्याचं काम. ताई महिनाभर निरोप्याचं काम करत राहिली, तर भांडण मिटलेलं नसतं, नुसतं तिच्या फोनमध्ये राहायला आलेलं असतं.

फोन ठेवण्याआधी ताईने एक प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि मी तो या सगळ्यातला सगळ्यात मोलाचा मानते: "यातलं काय मी तिकडे सांगू आणि काय माझ्यापाशीच ठेवू?" दादा विचार करेल. "दोन महिने घातले ते सांग. बारशाचं नको." मग बारशाचं कधीही, कोणालाही, आपल्या नवऱ्यालाही सांगायचं नाही. माणसं चांगल्या हेतूने निरोप नेतात आणि घोळ करतात तो इथेच. ‘तो तुझ्यावर किती रागावलाय माहितेय?’ हे सांगण्याने राग कळत नाही, वाढतो.

मग डोंबिवली. इथे ताईला वेगळीच गोष्ट ऐकू येते. भावाला चोरीचा संशय नव्हताच. त्याला ‘इतर – ६,४००’ म्हणजे काय ते कळलं नव्हतं. आणि त्याहून आतलं म्हणजे, कौलं परतायची, वायरिंग बदलायचं हे ठरलं कधी ते त्याला कोणी विचारलंच नव्हतं. "घर माझंही आहे ना, ताई? मला नुसता आकडा येतो." बायकोने लिहिलेलं त्यालाही आवडलेलं नाही, पण वहिनीने तिला टोमणा मारल्यावर तिला एकटं पाडायची त्याची तयारी नाही. इथेही ताईने तेच करावं. ऐकावं, परत सांगावं, काय न्यायचं ते विचारावं. वहिनी आणि जाऊ यांनाही वेगळे फोन करावेत. भांडण भावांचं म्हणून मांडलं जातं, पण लागेल असं लिहिलं त्या दोघींनी, आणि लागलंही त्यांनाच सर्वात जास्त. नवऱ्यांचं मिटलं म्हणजे बायकांचं मिटलं असं घरातल्या मोठ्यांनी फार काळ धरून चालवलं आहे.

चार फोन झाल्यावर ताईने कागद घेऊन बसावं. तिच्यासमोर आता एक भांडण नाही, तीन गोष्टी आहेत. एक, हिशोब: ६,४०० कशाचे? याला उत्तर आहे. वहीच्या मागच्या पानावर ते निघतंही: तालुक्याहून कौलं आणणारा टेम्पो, गवंड्याच्या माणसांचं दुपारचं जेवण, जुनी माती उचलण्याची मजुरी. दोन, शब्द: ‘तपासला’, ‘येऊन राहावं लागतं’, ‘आम्ही पैसे पाठवतो’. हे ज्याचं त्याने ज्याच्या त्याच्याशी बोलून निस्तरायचं. तीन, जुनी गोष्ट: वर्षभर घर राखणाऱ्याचे कष्ट कोणी मोजत नाही आणि लांब राहणाऱ्याला निर्णयात कोणी धरत नाही. ही खरी दुखरी जागा आहे, दोन्हीकडची तक्रार रास्त आहे, आणि ती अठरा दिवसांत सुटणार नाही. तिन्ही गोष्टी एकाच वेळी, एकाच ग्रुपवर, एकमेकींत गुंतलेल्या बोलल्या जात होत्या म्हणून कोणालाच कोणाचं उत्तर पुरत नव्हतं. आकड्याच्या प्रश्नाला दुखावल्याचं उत्तर येत होतं आणि दुखावल्याला आकड्याचं.

पुढचं पाऊल दोघा भावांचं आपसात बोलणं. ताईने तो फोन जोडून द्यावा आणि स्वतः त्यात थांबू नये. आधी दोघांनाही सुचवावं की आज फक्त पहिल्या दोन गोष्टी बोला; तिसरीसाठी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळे गावात असतानाच, तास-दीड तास बसू. दिवस आणि वेळ ठरली की जुनी गोष्ट आजच काढायची घाई उरत नाही. माफीची अट कोणावरही घालू नये. ती आपणहून आली तर तिला ‘पण’चं शेपूट नसावं, इतकंच भावाच्या कानावर घालावं. "वाईट वाटलं असेल तर माफ कर" यात चूक वाटून घेणाऱ्याची ठरते. "मी आधी फोन करायला हवा होता, दादा. ग्रुपवर विचारायला नको होतं," हे पुरतं, आणि यात हिशोब विचारण्याचा त्याचा हक्कही शाबूत राहतो.

मग ग्रुपवर परतायचं. चौतीस जणांनी भांडण पाहिलंय, तर मिटलेलंही त्यांना दिसलं पाहिजे. नाहीतर ते आपापल्या परीने भांडत राहतात. पण हा मेसेज ताईने लिहू नये. ज्याने प्रश्न विचारला त्याने लिहावा, जमल्यास आधी दादाला वाचून दाखवून: "दादाशी सविस्तर बोललो. ‘इतर’मध्ये टेम्पो, मजुरी आणि माणसांचं जेवण आहे, माझा प्रश्न तेवढाच होता. घराचं काम दादा-वहिनींनी उन्हातान्हात उभं राहून करून घेतलंय. माझे १२,१५० आज पाठवतो." बस. कोण काय म्हणालं याची उजळणी नको, कोणी कोणाला समजून घेतलं याची गोष्ट नको. काकांनी याखाली लांब आशीर्वाद लिहू नये. न्यू जर्सीच्या भाच्याने तर काहीच लिहू नये. त्याला ताईने आधीच फोन केलेला असावा. दादाला परत यायचं असेल तेव्हा येता येईल अशी ग्रुपची लिंक त्याच्याकडे द्यावी. तो चार दिवसांनी आला तरी चालेल, आणि तो आला की कोणी स्वागताची फुलं टाकू नयेत.

इतकं करूनही काही वेळा जमत नाही, आणि काही वेळा हा मार्गच चुकीचा असतो. ग्रुपवर कोणी एखाद्या बाईला शिवी दिली, धमकी दिली, कोणाच्या जुन्या आजारपणाचा किंवा मोडलेल्या लग्नाचा उल्लेख हत्यारासारखा केला, तर तिथे मधली जागा नसते. ते थांबवायला ताईने आणि काकांनी स्पष्ट बोलावं: "हिशोबावर मी कोणाच्या बाजूने नाही. ही भाषा मात्र इथे चालणार नाही." हे पक्षपाती नाही, कारण उद्या दुसऱ्या बाजूने तसंच लिहिलं तर हेच वाक्य त्यांनाही लागू आहे. अॅडमिन मंडळींना या वेळी कायद्याची भीती वाटते. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात ग्रुपमधल्या एकाने महिला सभासदाबद्दल अश्लील भाषा वापरली आणि त्याला काढलं नाही म्हणून अॅडमिनवरही गुन्हा दाखल झाला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये तो गुन्हा रद्द केला. दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरवलेला बेत दिसत नसेल, तर सभासदाने लिहिलेल्याची जबाबदारी अॅडमिनवर येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. तेव्हा काकांनी भीतीने सगळ्यांना काढून टाकायची गरज नाही. लिहिणाऱ्याला मात्र हे संरक्षण नाही, आणि ग्रुपवरचा मजकूर न्यायालयात पुरावा म्हणून दाखल होऊ शकतो, हे चिडलेल्या माणसाला एकदा शांतपणे सांगितलेलं बरं.

वाटणीचा वाद असेल तर तोही ताईच्या आवाक्याबाहेरचा आहे. सातबारावर कोणाचं नाव, घरपट्टी कोण भरतं, बहिणींचा हिस्सा काय, हे कागद आणि वकील यांच्यासमोरच बोलायचं असतं. हिशोबाच्या भांडणात असं वाक्य आलं, "घर तुझ्या एकट्याचं आहे का?", की ताईने ओळखावं, प्रश्न बदलला आहे. तिने तो ग्रुपवरून आणि स्वतःकडूनही बाजूला काढावा.

पुढच्या वर्षी हेच पुन्हा होऊ नये म्हणून मी एकच बदल सुचवेन. पैशांचं बोलणं चौतीस जणांच्या ग्रुपवर करू नये. चार बिऱ्हाडांतून एकेक जण घेऊन वेगळा लहान ग्रुप करावा. दुरुस्ती काढायच्या आधी तिथे अंदाज टाकावा, दहा हजारांवरचा खर्च चौघांनी "हो" म्हटल्यावर करावा, बिलांचे फोटो त्या त्या दिवशी टाकावेत आणि ‘इतर’ ही ओळ कधी लिहू नये. तिथे "हिशोब कोणी तपासला?" असं कोणी विचारलं, तर त्याचं उत्तर ठरलेलं असेल: चौघांनी.

आणि ताईचं काम कुठे संपतं? बऱ्याच जणांना ते कळत नाही. दादा ग्रुपवर परतला, पैसे पोचले, तरी वहिनी आणि जाऊ एकमेकींशी कामापुरतंच बोलतायत. गणपतीत दोघी एकाच स्वयंपाकघरात असणार. ताईला वाटेल दोघींना समोरासमोर बसवावं, किंवा रोज एकीला विचारावं, "आता ठीक ना?" ते करू नये. प्रत्येक वेळी विचारलं की ती गोष्ट पुन्हा आठवावी लागते. दोघींनी नारळ एकत्र खवायचे की वेगळे, हे त्यांनी ठरवायचं आहे. ताईने आपली उकड काढायला बसावं.